३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, तांबं फक्त सात किलो: एका ग्राइंडिंग मशीनचं प्रकरण

कोल्हापूर भागातल्या एका छोट्या वर्कशॉपने जुनं जर्मन सिलिंड्रिकल ग्राइंडिंग मशीन घेतलं. नेमप्लेटवर ३८० व्होल्ट, ५० हर्ट्झ, तीन फेज. आपल्याकडे लाइन ४१५ ची, आणि रात्री आजूबाजूचे कारखाने बंद झाले की तिथे ४३० च्या वर जाते. ३८० च्या मोटरला ४१५ म्हणजे नऊ टक्के जास्त, एवढं ती कशीबशी सोसते. ४३० म्हणजे तेरा टक्के जास्त. मग मोटरचा कोर सॅच्युरेट व्हायला लागतो, नो-लोड करंट वाढतो आणि काही काम न करताच मोटर तापते. मशीनमधला कंट्रोल ट्रान्सफॉर्मरही ३८० वरच बेतलेला, त्यामुळे काँटॅक्टरच्या कॉइलना दिवसरात्र जास्त व्होल्टेज मिळतं. इथे दोन कॉइल जळल्यावर मालकाने ४१५/३८० व्होल्ट, ३० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरसाठी दोन ठिकाणांहून कोटेशन मागवलं.

दोन्ही कोटेशनांवर ३० केव्हीए, ४१५/३८० असंच लिहिलेलं. पण एकात वजन २१० किलो आणि दुसऱ्यात ४५ किलो. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. मालकांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "साहेब, हा दुसरा आपल्याला गंडवतोय बघा. पंचेचाळीस किलोत तीस केव्हीए कुठं बसतं?"

शंका रास्त होती. वाइंडिंगच्या धंद्यात वजन म्हणजेच माल, आणि वजन कमी तर कुठेतरी तार बारीक वापरली आहे, हा अनुभव सगळ्यांचाच. पण इथे फरक वेगळ्या कारणाने होता. पहिलं कोटेशन दोन वाइंडिंगच्या ट्रान्सफॉर्मरचं होतं आणि दुसरं ऑटोट्रान्सफॉर्मरचं, म्हणजे एकाच वाइंडिंगवर दोन्ही व्होल्टेज भागवणाऱ्याचं. दुसऱ्याने तो शब्द बारीक अक्षरात लिहिला होता, एवढंच. तरीही १६५ किलो लोखंड-तांबं नेमकं कुठे गेलं याचा हिशेब लावल्याशिवाय मालकांचं समाधान होणार नव्हतं, म्हणून आम्ही तो बसून मांडला.

आधी दोन वाइंडिंगचा

स्टार-स्टार जोडणी धरली. एका फेजला ४१५ च्या बाजूला २४० व्होल्ट आणि ३८० च्या बाजूला साधारण २२० व्होल्ट येतात. ३० केव्हीएच्या कोरड्या ट्रान्सफॉर्मरला एका टर्नमागे २.४ व्होल्ट हा नेहमीचा आकडा. फ्लक्स डेन्सिटी १.३ टेस्ला ठेवली तर त्यासाठी एका लिंबचं, म्हणजे कोरच्या एका उभ्या खांबाचं, निव्वळ क्षेत्रफळ सुमारे ८३ चौरस सेंटीमीटर लागतं. म्हणजे प्रायमरीला १०० टर्न आणि सेकंडरीला ९२.

करंटही तसेच सोपे आहेत. ३८० व्होल्टवर ३० केव्हीए म्हणजे ४५.६ अँपिअर. टर्नच्या प्रमाणात प्रायमरीला ४२ अँपिअर. तांब्यात चौरस मिलिमीटरला २.५ अँपिअर करंट डेन्सिटी धरली, तर प्रायमरीची पट्टी १६.८ आणि सेकंडरीची १८.२ चौरस मिलिमीटर होते. एका वेढ्याची सरासरी लांबी ५४ सेंटीमीटर. लांबी गुणिले जाडी गुणिले तांब्याची घनता केली की प्रायमरीत ८ किलो आणि सेकंडरीत ८ किलो निघतात. दोन्हीकडे आकडा सारखा येतो, कारण दोन्हीकडचे अँपिअर-टर्न सारखेच असतात. एका फेजचे १६ किलो, तिन्हींचे मिळून सुमारे ४८ किलो तांबं. कोरचं लोखंड ११० किलोच्या आसपास. त्यावर क्लॅम्प, टर्मिनल आणि पत्र्याची पेटी धरली की २१० किलो सरळ पटतात.

आता त्याच कोरवर ऑटो

इथे घाई करू नये, कारण सगळी गंमत या एका पायरीत आहे. याच दोन वाइंडिंगच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, एकाच लिंबवर, प्रायमरीचे १०० टर्न आहेत आणि सेकंडरीचे ९२. प्रत्येक टर्नमध्ये २.४ व्होल्टच उठतात, मग तो टर्न कुठल्याही वाइंडिंगचा असो. म्हणजे प्रायमरीच्या स्टारकडच्या टोकापासून ९२ टर्न मोजले, तर त्या जागी जेवढं व्होल्टेज असतं तेवढंच सेकंडरीच्या वरच्या टोकाला असतं. दोन्हींची खालची टोकं एकत्र बांधली, तर वरचे हे दोन बिंदूही जोडता येतात. व्होल्टेज सारखंच असल्यामुळे त्या जोडणीतून कुठलाही फिरता करंट वाहणार नाही.

जोडल्यावर प्रायमरीचे खालचे ९२ टर्न आणि सेकंडरीचे ९२ टर्न समांतर होतात. प्रायमरीत ४२ अँपिअर एका दिशेने वाहतात आणि सेकंडरीत ४५.६ उलट दिशेने. मग दोन वेगळ्या तारा कशाला? एकाच तारेत दोन्ही करंट घातले की ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतात ३.६ अँपिअर. सेकंडरीचं अख्खं ८ किलोचं वाइंडिंग काढून टाकता येतं. प्रायमरीच्या खालच्या ९२ टर्नमध्ये १६.८ चौरस मिलिमीटरच्या पट्टीऐवजी दीड चौरस मिलिमीटरची तार पुरते. वरचे ८ टर्न मात्र ४२ अँपिअरचेच राहतात, कारण लाइनमधून येणारा सगळा करंट त्यांच्यातूनच जातो. या वरच्या भागाला सिरीज आणि खालच्या भागाला कॉमन वाइंडिंग म्हणतात.

वजन पुन्हा काढलं. सिरीजचे ८ टर्न जाड पट्टीचे, ०.६५ किलो. कॉमनचे ९२ टर्न बारीक तारेचे, तेही ०.६५ किलो. अँपिअर-टर्न इथेही जुळतात: ८ गुणिले ४२ म्हणजे ३३६ आणि ९२ गुणिले ३.६५ म्हणजेही ३३६. एका फेजला १.३ किलो, तीन फेजना ३.९ किलो. ४८ च्या जागी चार किलो, म्हणजे ८ टक्के.

पाठ्यपुस्तकातलं सूत्र हेच सांगतं: त्याच केव्हीएच्या दोन वाइंडिंगच्या ट्रान्सफॉर्मरच्या तुलनेत ऑटोमध्ये १ वजा व्होल्टेजचं गुणोत्तर, एवढंच तांबं लागतं. १ − ३८०/४१५ = ०.०८४. आम्ही टर्न पूर्ण अंकात घेतल्यामुळे ०.०८ आलं. ३० केव्हीएपैकी खरोखर चुंबकीय क्षेत्रातून, एका वाइंडिंगमधून दुसऱ्यात, जाणारी शक्ती फक्त २.४ केव्हीए आहे. उरलेली २७.६ केव्हीए पट्टीतून सरळ मशीनकडे जाते आणि तिच्यासाठी कोरला काहीच करावं लागत नाही. नेमप्लेटवर मात्र ३० च लिहितात आणि ते बरोबरच आहे, कारण मशीनला ३० केव्हीए मिळतात.

मालकांनी इथेच अडवलं. "मग कोटेशनवाल्यानं चार किलो न लिहिता सात किलो तांबं का लिहिलंय? तीन किलो जास्त घातलंय म्हणता?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण पुस्तकातल्या सूत्रात जे सांगायचं राहून जातं ते नेमकं इथे आहे.

सूत्रातले ९२ टक्के आणि बाजारातले ८५ टक्के

सूत्र धरून चालतं की कोर तोच आहे. ८३ चौरस सेंटीमीटरच्या कोरवर चार किलो तांबं गुंडाळलं तर कोरची खिडकी, म्हणजे वाइंडिंग बसायची मोकळी जागा, जवळजवळ रिकामीच राहील. ११० किलो लोखंड फुकट बाळगायचं आणि त्याचा कोर लॉस वर्षभर भरायचा, असं कुठलाच डिझायनर करत नाही. तो कोरही छोटा घेतो, २.४ केव्हीएला शोभेल असा.

छोट्या कोरमध्ये एका टर्नमागे ०.७ व्होल्ट मिळतात, लिंबचं क्षेत्रफळ साडेचोवीस चौरस सेंटीमीटर. आता २४० व्होल्टला ३४० टर्न लागतात: २७ सिरीजचे आणि ३१३ कॉमनचे. टर्न साडेतीन पटीहून थोडे कमी वाढले, पण एका वेढ्याची लांबी ५४ वरून ३० सेंटीमीटरवर आली. गोळाबेरीज केली तर सिरीजमध्ये १.२ किलो, कॉमनमध्ये १.२ किलो आणि तीन फेजचे ७.३ किलो. कोटेशनमधले सात किलो हेच. कोर मात्र ११० वरून १७-१८ किलोवर उतरला.

म्हणजे तांब्यातली बचत ९२ टक्क्यांवरून ८५ वर घसरली, पण त्या बदल्यात लोखंडातही जवळपास तेवढीच बचत झाली. तांबं-लोखंड मिळून १५८ किलोंच्या जागी २५ किलो. ट्रान्सफॉर्मरचं वजन त्याच्या केव्हीएच्या पाऊण घाताने बदलतं, हा जुना आडाखा इथे चपखल बसतो. ०.०८ चा पाऊण घात ०.१५ येतो आणि ७.३ भागिले ४८ ही ०.१५ च. परीक्षेत "तांब्याची बचत ९२ टक्के" लिहून मार्क मिळतात. ऑर्डर देताना मात्र तांबं १५ टक्के लागेल असं धरावं, नाहीतर चार किलोवाला स्वस्त ट्रान्सफॉर्मर शोधत बसाल आणि कोणीतरी तो देईलही, तार बारीक करून.

पैशांचं सांगायचं तर वाइंडिंगच्या तांब्याला हिशेबापुरते किलोला हजार रुपये धरले, तरी ४१ किलोंचे ४१ हजार होतात, लोखंड वेगळं. दुसरं कोटेशन तिसऱ्या हिश्शात कसं बसलं, याचं उत्तर मालकांना इथे मिळालं.

लॉसचाही हिशेब आम्ही जाता जाता केला. २.५ अँपिअरच्या डेन्सिटीला गरम तांब्यात किलोमागे साधारण १५ वॅट जातात. ४८ किलोंचे सव्वासातशे वॅट, ७.३ किलोंचे ११० वॅट. पूर्ण लोडला हा फरक ६०० वॅटच्या वर जातो. ग्राइंडिंग मशीन पूर्ण लोडवर क्वचितच असतं, त्यामुळे वीजबिलात दिसणारा फरक एवढा मोठा नसतो. व्होल्टेज ड्रॉपचा फायदा मात्र लगेच दिसतो. व्हील हेडची मोटर सुरू होताना दोन वाइंडिंगच्या ट्रान्सफॉर्मरवर जो झोल येतो, तो ऑटोवर जाणवतही नाही.

जे तांब्याबरोबर गेलं

१५८ किलोंचे २५ किलो करताना दोन गोष्टी हातातून गेल्या. पहिली सगळ्यांना माहीत असते: आयसोलेशन गेलं. इनपुट आणि आउटपुट आता तांब्यानेच जोडलेले आहेत. लाइनवरचा स्पाइक, अर्थ फॉल्ट, न्यूट्रलचा घोळ, सगळं मशीनपर्यंत पोचतं. या मशीनमध्ये मोटर, काँटॅक्टर आणि स्वतःचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर आहे. यापूर्वीही ते थेट लाइनवरच चालत होतं, म्हणून इथे मला त्याची फिकीर वाटली नाही.

दुसरी गोष्ट इम्पिडन्स, म्हणजे ट्रान्सफॉर्मर करंटला करतो तो अडथळा. तिच्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा स्वतःच्या २.४ केव्हीएवर इम्पिडन्स पाच टक्के धरला, तर ३० केव्हीएच्या मापात तो फक्त ०.४ टक्के होतो. दोन वाइंडिंगच्या ट्रान्सफॉर्मरचा चार टक्के असतो. वर्कशॉपला वीज देणारा खांबावरचा ट्रान्सफॉर्मर १०० केव्हीएचा, साडेचार टक्के इम्पिडन्सचा. ३० केव्हीएच्या मापात तो १.३५ टक्के. मशीनच्या टर्मिनलवर शॉर्ट झाला तर आयसोलेशन देणाऱ्या दोन वाइंडिंगच्या ट्रान्सफॉर्मरमागे साधारण ८५० अँपिअर येतात आणि ऑटोमागे २६०० च्या आसपास. केबल लांब असेल तर दोन्ही आकडे खाली येतील, पण फरक राहीलच.

२६०० अँपिअर हा नेहमीच्या १० किलोअँपिअरच्या एमसीबीला काही मोठा आकडा नाही. ब्रेकर तोडेल. प्रश्न सिरीजच्या २७ टर्नचा आहे. त्यांचा रेटेड करंट ४२ अँपिअर आणि शॉर्टमध्ये त्यांच्यातून पन्नास पटींहून जास्त करंट जाईल. वेढ्यांवरचा ढकलणारा जोर करंटच्या वर्गात वाढतो, म्हणजे अडीच हजार पटींच्या वर. ब्रेकर तोडेपर्यंतच्या एक-दोन सायकलमध्ये सैल बांधलेली पट्टी जागची हलते, कागद फाटतो आणि दोन महिन्यांनी "उगाच जळला" म्हणून ट्रान्सफॉर्मर परत येतो. म्हणून ऑर्डरमध्ये आम्ही लिहून घेतलं की सिरीजची पट्टी टेपने घट्ट बांधायची, दोन्ही टोकांना पॅकिंग घालायचं आणि तयार कॉइल व्हार्निशमध्ये बुडवून ओव्हनमध्ये भाजायची. नुसतं ब्रशने व्हार्निश मारलेलं चालणार नाही.

माल आला तेव्हा तपासणी सोपी होती. आधी मल्टिमीटर. एका फेजच्या इनपुट आणि आउटपुट टर्मिनलमध्ये जवळजवळ शून्य ओहम दाखवतो, म्हणजे हा ऑटोच. दोन वाइंडिंगचा असता तर काहीच दाखवलं नसतं. पण तार पुरेशी जाड आहे की नाही हे मल्टिमीटर सांगत नाही, त्याला आठ मिलिओहम मोजता येत नाहीत. त्यासाठी सिरीजमधून बॅटरीने १० अँपिअर डीसी सोडले आणि टोकांवर मिलिव्होल्ट मोजले. ८.१ मीटर लांब आणि १६.८ चौरस मिलिमीटर जाड पट्टीवर थंड असताना सुमारे ८३ मिलिव्होल्ट यायला हवेत. दीडशे-दोनशे आले तर पट्टी निम्म्या जाडीची आहे, नेमप्लेट काहीही म्हणो. कॉमनची तार दीड चौरस मिलिमीटरची असेल तर तिचा रेझिस्टन्स एक ओहमच्या किंचित वर येतो, तो साध्या मीटरवरही दिसतो. इथे ८० च्या घरात आकडे आले. मालकांनी ते स्वतः वहीत उतरवले.

एक जागा मात्र आयुष्यभर लक्षात ठेवावी लागते. कॉमनची बारीक तार आणि १६.८ चौरस मिलिमीटरची पट्टी जिथे जोडतात तो जॉइंट. जाड पट्टी पटकन तापत नाही आणि बारीक तार पटकन वितळते, त्यामुळे ब्रेझिंग नीट बसत नाही आणि काही वर्षांनी तो जॉइंट सुटतो. मग सिरीजच्या अँपिअर-टर्नना तोल देणारं काही उरत नाही. ती २७ टर्नची चोक होऊन बसते, कोर गुरगुरतो आणि त्या फेजचं व्होल्टेज लोडप्रमाणे वरखाली होतं. ओळखायचं कसं? मशीन लोडवर असताना प्रत्येक फेजच्या कॉमनच्या स्टारकडच्या टोकाला क्लॅम्प मीटर लावायचा. पूर्ण लोडला तिन्हींत साडेतीन-चार अँपिअर हवेत. एकात शून्य दिसलं तर जॉइंट गेला. त्यासाठी स्टारची तिन्ही टोकं पेटीतच एकत्र न जोडता टर्मिनलवर बाहेर काढून मागितली होती. वाइंडरने कुरकुर केली, पण दिली.

या मशीनच्या बाबतीत तो जॉइंट सुटला तरी वाईटात वाईट काय होईल? त्या फेजला ३८० च्या प्रमाणातल्या व्होल्टेजऐवजी हलक्या लोडला ४१५ च्या प्रमाणातलं व्होल्टेज मिळेल. ट्रान्सफॉर्मर येण्याआधी मशीन त्यावरच चालत होतं.

तोच हिशेब, २०० व्होल्टला

हे सगळं झाल्यावर मालक खुशीत होते. त्यांनी पुढची गोष्ट काढली: एक जपानी सीएनसी लेथ घ्यायचं चाललं होतं. २०० व्होल्ट, तीन फेज, तेही ३० केव्हीएच. "त्यालाही असाच हलका ऑटो टाकू की."

कागद परत पुढे घेतला. २०० भागिले ४१५ म्हणजे ०.४८. चुंबकीय मार्गाने जाणारा हिस्सा आता १ वजा ०.४८, म्हणजे जवळजवळ ५२ टक्के: ३० पैकी साडेपंधरा केव्हीए. आउटपुटला ८६.६ अँपिअर, इनपुटला ४१.७. दोन्हींची वजाबाकी ४४.९ अँपिअर, आणि तेवढी जाड तार कॉमनमध्ये हवी. आधीच्या प्रकरणात ४२ आणि ४५.६ एकमेकांना खात होते. इथे ४१.७ आणि ८६.६ मध्ये खाण्यासारखं निम्मंच आहे. सूत्राने ५२ टक्के तांबं, आणि कोर त्या मापाचा घेतला तर पाऊण घाताने ६१ टक्के. ४८ च्या जागी २९ किलो तांबं, ११० च्या जागी ६७ किलो लोखंड. एकोणीस किलो तांबं वाचतं. काहीच नाही असं म्हणता येणार नाही, पण आधीच्या ४१ किलोंपुढे ते निम्म्याहून कमी.

आणि या एकोणीस किलोंच्या बदल्यात काय द्यावं लागतं ते पाहा. कॉमनचा जॉइंट सुटला, तर २०० व्होल्टच्या मशीनच्या त्या फेजला ११५ ऐवजी सिरीजमधून २४० च्या दिशेने चढणारं व्होल्टेज मिळतं. सीएनसी स्टँडबायमध्ये असताना लोड अगदी हलका असतो, म्हणजे चोकवर ड्रॉप फारसा पडत नाही आणि जवळजवळ पूर्ण व्होल्टेज पुढे जातं. सर्व्हो ड्राइव्हच्या पॉवर सप्लायला हे झेपत नाही. एका ड्राइव्हची किंमत अख्ख्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरपेक्षा जास्त पडू शकते. शिवाय शेजारच्या शेडमधली वेल्डिंग मशीन, लाइनवरचे स्पाइक, हे सगळं कुठल्याही आडकाठीशिवाय ड्राइव्हपर्यंत जातं. दोन वाइंडिंगमध्ये अर्थ केलेली शील्ड घालून घेतली तर त्यातलं बरंचसं अडतं.

२०० व्होल्टची मशीनं ऑटोवर चालवणारे लोक आहेत आणि अनेकांची वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात, हे मला माहीत आहे. तरी माझं मत त्यांना मी स्पष्ट सांगितलं: ग्राइंडिंगला ऑटो, सीएनसीला दोन वाइंडिंगचा, शील्डसकट. दोन्हींत केव्हीए तेच, पण पहिल्यात आपण मशीनला आधीही मिळत असलेलं व्होल्टेज किंचित कमी करतोय, आणि दुसऱ्यात निम्म्याहून जास्त कमी करतोय.

वीज पारेषणातही हीच रेषा दिसते. ४०० आणि २२० किलोव्होल्टच्या जाळ्यांना जोडणारे ३१५ एमव्हीएचे ट्रान्सफॉर्मर देशभर ऑटो असतात. तिथे गुणोत्तर ०.५५, म्हणजे सूत्राने बचत ५५ टक्के, आणि दोन्ही जाळ्यांचे न्यूट्रल ठोस अर्थ केलेले असल्यामुळे आयसोलेशनची गरजच नसते. त्या आकाराला ५५ टक्के म्हणजे कितीतरी टन तांबं आणि रस्त्याने नेता येईल असं वजन. त्यातही ३३ किलोव्होल्टचं टर्शरी वाइंडिंग घालावं लागतं, त्यात थोडी बचत परत जाते. २२० वरून ३३ वर यायचं असेल तर गुणोत्तर ०.१५ होतं, बचत १५ टक्क्यांवर येते आणि ३३ च्या जाळ्यावर २२० किलोव्होल्ट चढण्याचा धोका उरावर बसतो. तिथे दोन वाइंडिंगचाच वापरतात.

माल येण्याआधी, ऑर्डर देताना, मालकांना तिच्यात काय लिहायचं तेवढं हवं होतं. ग्राइंडिंगसाठी: ऑटोट्रान्सफॉर्मर, तीन फेज, स्टार, ३० केव्हीए आउटपुट, ४१५ वरून ३८०, आणि ४३० वरूनही ३८० मिळावेत म्हणून इनपुटला एक जादा टॅप, कारण रात्रीचं व्होल्टेज तिथलं खरं दुखणं आहे. तो टॅप लावला की सिरीजचे टर्न २७ वरून साधारण ४१ वर जातात, कॉमनमधला करंटही सव्वापाच अँपिअरवर जातो म्हणून तिथली तार २.१ चौरस मिलिमीटरची लागते, आणि तांबं साडेतीन किलोंनी वाढतं. वाइंडरने तेवढे पैसे वाढवून मागितले, ते योग्यच होते. करंट डेन्सिटी २.५, सिरीजची पट्टी १६.८ चौरस मिलिमीटरपेक्षा कमी नको, स्टारची टोकं बाहेर. इनपुटला ६३ अँपिअरचा तीन पोलचा एमसीबी. आणि पेटीच्या दारावर आतून मोठ्या अक्षरात: इनपुट आणि आउटपुट वेगळे नाहीत, काम करताना मेन बंद करा.